‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ का नको?

‘द कमिटी डिस्कस्ड अबाउट द न्यू लोन पॉलिसी.’ हे वाक्य वाचताना कान खटकला नाही, तर दोष कानाचा नाही. आपल्याकडच्या कार्यालयांत आणि वर्गांत ते रोज याच रूपात बोललं जातं. बँकांच्या आणि स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षांत मात्र याच वाक्याचे चार तुकडे करून विचारतात की चूक कोणत्या तुकड्यात आहे. शेवटचा पर्याय बहुतेक वेळा ‘नो एरर’ असतो आणि खूप जण तिथेच टिचकी मारतात.

स्पॉटिंग एररच्या प्रश्नांत प्रिपोझिशनची चूक पकडणं सर्वांत अवघड जातं, कारण ती डोळ्यांना दिसतच नाही. कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी असेल तर वाक्य लंगडतं. प्रिपोझिशन चुकलं तरी वाक्य गुळगुळीत वाहत राहतं आणि अर्थही पोचतो. क्लासमध्ये यावर उपाय म्हणून ‘फिक्स्ड प्रिपोझिशन’च्या याद्या देतात, त्यात पाच-सहाशे जोड्या असतात. त्या पाठ होतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकींत मिसळतात. यादीपेक्षा चूक कुठून येते हे पाहणं जास्त उपयोगाचं आहे, आणि माझ्या मते ती मुख्यतः दोन वाटांनी येते.

पहिली वाट इंग्रजीच्याच घरातली. ‘डिस्कशन अबाउट द पॉलिसी’ अगदी बरोबर आहे. नामाला आपला विषय जोडायला मध्ये प्रिपोझिशन लागतं. तेच नाम क्रियापद झालं की कर्म थेट बसतं: ‘डिस्कस्ड द पॉलिसी’. ही जोडी अनेक शब्दांत सापडते. ‘एम्फसिस ऑन’ म्हणायचं, पण क्रियापद वापरताना नुसतं ‘एम्फसाइज’. ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ चालतं, ‘ही रिक्वेस्टेड फॉर लीव्ह’ परीक्षेत चुकीचं धरतात. ‘एंट्री इन्टू द रूम’ पण ‘एंटर्ड द रूम’, ‘रिझेम्ब्लन्स टू हिज फादर’ पण ‘रिझेम्बल्स हिज फादर’. प्रश्न काढणारा बहुतेकदा एवढंच करतो, नामामागचं प्रिपोझिशन उचलून क्रियापदामागे ठेवतो. म्हणून असं क्रियापद दिसलं की त्याचं नाम आठवावं आणि पुढचं प्रिपोझिशन नामाकडून उसनं आलंय का ते पाहावं.

दुसरी वाट आपल्या भाषेतून येते. मराठीत आपण ‘धोरणाविषयी’ चर्चा करतो, ‘शिक्षणावर’ भर देतो, त्यामुळे पहिल्या वाटेवरच्या चुकांना मराठीचाही धक्का असतोच. पण इतरत्र तो एकटाच पुरेसा होतो. कुणी हक्कां‘पासून’ वंचित राहतं, म्हणून ‘डिप्राइव्ह्ड फ्रॉम’ लिहिलं जातं, तिथे ‘ऑफ’ हवं. यशा‘बद्दल’ अभिनंदन करतो, म्हणून ‘काँग्रॅच्युलेट’पुढे ‘फॉर’ येतं, आन्सर कीमध्ये ‘ऑन’ असतं. मुलगी गणि‘तात’ हुशार, म्हणून ‘गुड इन मॅथ्स’, हवं ‘गुड ॲट’. तिचं लग्न डॉक्टर‘शी’ झालं, म्हणून ‘मॅरीड विथ’, हवं ‘मॅरीड टू’. उलटही होतं. आपण नियम पाळतो, मध्ये काहीच लागत नाही, त्यामुळे ‘ही कम्प्लाइड द रूल्स’ वाचताना काही कमी आहे असं वाटत नाही. इंग्रजीत मात्र ‘कम्प्लाय’ला ‘विथ’ लागतंच.

‘पेक्षा’ हा तर सापळ्यांचा राजा. मराठीत ‘माझ्यापेक्षा सीनियर’ म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘सीनियर दॅन’ लिहितो. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर हे शब्द लॅटिनमधून आले आहेत आणि तिथे त्यांच्या रूपातच तुलना सामावलेली होती. इंग्रजीत ते ‘दॅन’ घेत नाहीत, ‘टू’ घेतात. त्यांच्या आधी ‘मोअर’ही लागत नाही. ‘प्रिफर टी टू कॉफी’ याच पठडीतलं, जरी ‘प्रिफर’ क्रियापद असलं तरी.

आता एक प्रश्न सोडवून पाहू. (अ) हॅविंग वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स, (ब) शी इज सीनियर अँड मोअर एक्स्पीरियन्स्ड (क) दॅन एनी अदर ऑफिसर (ड) इन द डिपार्टमेंट. तयारीचा विद्यार्थी आधी ‘हॅविंग’ तपासतो. दहा वर्षं काम करणारी ‘शी’च आहे, तेव्हा (अ) ठीक. मग ‘एनी अदर’, तिच्याच खात्यातल्या इतरांशी तुलना आहे, म्हणून ‘अदर’ हवंच, (क) ठीक. (ड)मध्ये धरण्यासारखं काही नाही. इथे ‘नो एरर’चा मोह होतो. पण ‘दॅन’ हा शब्द ‘मोअर एक्स्पीरियन्स्ड’ला शोभतो, ‘सीनियर’ला नाही. एक प्रिपोझिशन दोन विशेषणांत वाटून दिलं आहे आणि त्यातल्या एकाचं पोट भरलेलं नाही. पाहिजे होतं ‘सीनियर टू अँड मोअर एक्स्पीरियन्स्ड दॅन’. नसलेला शब्द जिथे असायला हवा होता तो तुकडा (ब), तेच उत्तर. ‘अँड’ने जोडलेली दोन विशेषणं किंवा क्रियापदं दिसली की प्रत्येकाला एकटं उभं करून मागचं प्रिपोझिशन लावून पाहायचं, दुसरी युक्ती नाही.

हे सगळं करायला वेळ किती? सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात शंभर प्रश्नांना साठ मिनिटं, म्हणजे सरासरी छत्तीस सेकंद. बरोबर उत्तराला दोन गुण, चुकलं की अर्धा वजा. बँकांच्या परीक्षांत त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग कापतात. त्यामुळे आधी क्रियापद किंवा विशेषण गाठावं आणि त्याच्या मागचाच शब्द तपासावा, पूर्ण वाक्य तीनदा वाचायची चैन परवडत नाही.

‘टू’बद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ‘लुक फॉरवर्ड टू’, ‘अ‍ॅकस्टम्ड टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’ यांतलं ‘टू’ प्रिपोझिशन असतं, म्हणून पुढे ‘मीटिंग’, ‘वर्किंग’ असं आयएनजीचं रूप येतं. ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’ हा परीक्षकांचा आवडता दोष आहे. पारख सोपी: ‘टू’च्या जागी एखादं नाम चालतं का? ‘लुक फॉरवर्ड टू द हॉलिडेज’ चालतं, तेव्हा ते प्रिपोझिशनच.

आन्सर की नेहमी जिवंत इंग्रजीबरोबर चालते असं मात्र नाही. ‘डिफरंट दॅन’ अमेरिकेत सर्रास चालतं, कीमध्ये ‘फ्रॉम’ असतं. ‘इज कम्प्राइज्ड ऑफ’ शब्दकोशांनी नोंदवलं आहे, तरी आपल्या गाइडांत ते चूकच असतं. आणि ‘एंटर्ड द रूम’ शिकलेल्या मुलाला ‘एंटर्ड इन्टू ॲन अ‍ॅग्रीमेंट’ दिसलं की तो त्यालाही लाल रेघ मारतो. ते बरोबर आहे, कारण करारात शिरणं आणि खोलीत शिरणं इंग्रजीला वेगळं वाटतं. तात्पुरत्या कीवर हरकत नोंदवायची सोय स्टाफ सिलेक्शन कमिशन देतं, पण परीक्षागृहात बसलेल्याने काटेकोर जुना नियमच धरावा, हा माझा सल्ला.

शंका आली तर गाइडपेक्षा शब्दकोश बरा, आणि तोही शिकणाऱ्यांसाठीचा. ए. एस. हॉर्न्बी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. क्रियापदांनंतर काय येतं, हे त्यांनी साच्यांमध्ये मांडलं आणि 1942 साली टोकियोत तसा शब्दकोश निघाला. तोच 1948 मध्ये ऑक्सफर्डने छापला, आजच्या ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीचा तो पूर्वज. त्यात ‘डिस्कस’ उघडलं की आधी ‘समथिंग विथ समबडी’ असा साचा दिसतो आणि खाली ‘डिस्कस अबाउट’ म्हणता येत नाही अशी सूचनाही सापडते.