रिकामा रकाना कुठे गेला?

एप्रिल उजाडला की गृहनिर्माण सोसायटीच्या खजिनदारांची झोप उडते. पुण्यातली अठ्ठावीस फ्लॅटची एखादी सोसायटी डोळ्यांसमोर आणावी. ऑडिटरला वर्षभराचे व्यवहार एक्सेलमध्ये हवे असतात आणि खजिनदारांच्या हातात असतो बँकेचा अकरा पानी खातेउतारा, पीडीएफ स्वरूपातला. पडद्यावर तो देखणा दिसतो. तारीख, तपशील, चेक नंबर, नावे, जमा, शिल्लक असे सहा रकाने शिस्तीत उभे असतात. खजिनदार सगळा मजकूर कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटवतात आणि अकरा पानं एकाच रकान्यात एकाखाली एक कोसळतात. कोणता आकडा नावे होता आणि कोणता जमा, याचा पत्ता लागत नाही.

नेट बँकिंगमध्ये उतारा एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात उतरवण्याची सोय असेल, तर पहिल्यांदा तीच वापरावी. पण जुना कालावधी, बंद झालेलं खातं किंवा आधीच्या समितीने ईमेलवर पाठवून ठेवलेल्या फाईली असल्या, की बहुतेक वेळा पीडीएफवरच भागवावं लागतं.

पीडीएफमध्ये तक्ता मुळात नसतो, हे आधी समजून घेतलं पाहिजे. अडोबीचे जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये या कल्पनेचा आराखडा मांडला आणि १९९३ मध्ये पीडीएफ बाजारात आलं. कागद कुठल्याही संगणकावर, कुठल्याही प्रिंटरवर हुबेहूब तसाच दिसावा, एवढाच त्यामागचा हेतू होता. त्यामुळे फाईलमध्ये जे साठवलेलं असतं ती पानावर काय कुठे उमटवायचं याची यादी असते. तीन हजार पाचशे रुपयांची एक जमा रक्कम फाईलच्या पोटात साधारण अशी बसलेली असते:

```
BT
/F1 9 Tf
1 0 0 1 453 611 Tm
(3,500.00) Tj
ET
```

याचा अर्थ सरळ आहे. नऊ पॉइंटचा टाइप घ्या, पानाच्या डाव्या कडेपासून ४५३ आणि तळापासून ६११ पॉइंटवर जा आणि तिथे ही अक्षरं लिहा. बहात्तर पॉइंट म्हणजे एक इंच. ही रक्कम जमेची आहे, हे यात कुठेही म्हटलेलं नाही. रकान्यांच्या उभ्या-आडव्या रेघाही वेगळ्याच सूचनांनी आखलेल्या असतात. रेघ आणि आकडा यांचं नातं फक्त आपल्या डोळ्यांना दिसतं. तक्त्याच्या खुणा फाईलमध्ये घालून ठेवण्याची सोय पीडीएफमध्ये पुढे आली, पण ती वापरलेली असेलच याचा भरवसा नसतो.

खरी गोम मात्र रिकाम्या घरात आहे. खातेउताऱ्याच्या प्रत्येक ओळीत नावे आणि जमा यांपैकी एक घर रिकामं असतं. कागदावर ती मोकळी जागा बोलकी असते. फाईलमध्ये मात्र तिच्यासाठी एकही सूचना नसते, कारण काहीच उमटवायचं नसतं. कॉपी करताना ते घर नाहीसं होतं आणि पुढचा आकडा डावीकडे सरकून त्या जागी येऊन बसतो. जमा झालेला मेंटेनन्स नावे पडतो, तो असा.

म्हणून तक्ता परत उभा करणारं कोणतंही साधन एकच काम करतं: आकडे पानावर कुठे उभे आहेत ते बघून रकान्यांच्या सीमा ओळखतं. अलीकडच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या विंडोजवरच्या एक्सेलमध्ये ही सोय आहे. Data, मग Get Data, From File आणि From PDF असं गेलं की फाईलमध्ये सापडलेले तक्ते पानागणिक दिसतात. सुरुवात इथूनच करावी. साधा उतारा असेल तर काम इथेच होऊन जातं. पण सीमांचा अंदाज प्रत्येक पानाचा वेगळा असू शकतो. एखाद्या पानावर एकही चेक वटलेला नसेल, तर चेक नंबरचा रकाना तिथे जाणवतच नाही. त्या पानाचे पाचच रकाने निघतात आणि खालची सगळी रांग एक घर सरकते.

अशा वेळी सीमा आपण सांगाव्यात. त्यासाठी टॅब्युला हे मोफत साधन उपयोगी पडतं. सरकारी खाती माहिती पीडीएफमध्ये देतात आणि बातमीदारांचे दिवस ती टाइप करण्यात जातात, या अनुभवातून मॅन्युएल अरिस्तारान, माइक टिगस आणि जेरेमी मेरिल यांनी २०१३ मध्ये ते पुढे आणलं. ते आपल्याच संगणकावर चालतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. सोसायटीच्या सभासदांची नावं आणि व्यवहार असलेला उतारा अनोळखी संकेतस्थळावर चढवून ‘रूपांतर’ करून घेणं मुळीच योग्य नाही.

सीमा मोजायला पट्टी पुरते. पहिलं पान मूळ आकारात छापावं आणि डाव्या कडेपासून प्रत्येक रकान्याची सीमा मिलिमीटरमध्ये मोजावी. त्या मापाला २.८३ ने गुणलं की पॉइंट मिळतात. १४८ मिलिमीटरवरची सीमा ४२० च्या आसपास येते. मोजताना एक लक्षात ठेवावं, की रकमा उजव्या कडेला टेकवून छापलेल्या असतात. वरच्या उदाहरणातले ३,५०० रुपये ४५३ पॉइंटवर सुरू होतात. त्याच रकान्यातले १,२५,००० रुपये मात्र ४४० च्या आसपासच सुरू होतात, कारण आकडा लांब आहे. संपतात दोन्ही ४८८ वर. म्हणून सीमा आखताना मोठ्यातल्या मोठ्या रकमेची डावी बाजू आणि शेजारच्या रकान्याची उजवी कड यांच्या मधली मोकळी जागा धरावी. सहा रकान्यांना पाच सीमा लागतात. टॅब्युलाच्या कमांडने चालणाऱ्या आवृत्तीला त्या अशा देता येतात:

```
java -jar tabula.jar -p all -t -c 80,290,345,420,495 -s PASSWORD -o utara.csv utara.pdf
```

इथे -p all म्हणजे सगळी पानं आणि -c च्या पुढे त्या पाच सीमा. PASSWORD च्या जागी बँकेने उताऱ्याला घातलेला पासवर्ड टाकायचा. आता चेक नंबर नसला तरी त्याचं घर रिकामं का होईना, जागेवर राहतं.

तयार झालेली सीएसव्ही फाईल दुहेरी टिचकी मारून उघडू नये. एक्सेल आपल्या मनाने अर्थ लावतो. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ०५/०४/२०२४ ही पाच एप्रिलची तारीख चार मे होऊन बसते, तर १३/०४/२०२४ ला तेरावा महिना नसल्यामुळे ती नुसता मजकूर म्हणून उरते. काही तारखा घराच्या उजव्या कडेला आणि काही डाव्या कडेला टेकलेल्या दिसल्या, की हाच घोळ समजावा. चेक नंबरची सुरुवातीची शून्यं गळतात, ती वेगळीच. त्यामुळे Data मधल्या From Text/CSV ने फाईल आणावी, Transform Data मध्ये सगळे रकाने आधी मजकूर म्हणून ठेवावेत, आणि मग तारखेच्या रकान्याला Using Locale मधून भारतीय इंग्रजी पद्धत सांगावी. शिल्लक रकमेपुढे Cr लिहिलेलं असेल तर ते फक्त त्याच रकान्यातून काढावं आणि मग नावे, जमा व शिल्लक हे तीनही रकाने आकड्यांचे करावेत. ते राहिलं तर रक्कम मजकूरच राहते आणि SUM तिला मुकाट्याने वगळतं.

मग येतात तुटलेल्या ओळी. यूपीआयचा लांबलचक तपशील दोन-तीन ओळींत मोडतो आणि प्रत्येक तुकडा वेगळी ओळ बनतो. तारीख आणि शिल्लक दोन्ही नसलेली ओळ म्हणजे असा तुकडा. तो वरच्या व्यवहाराला जोडायचा. मात्र काही उताऱ्यांत तारीख आणि रक्कम घराच्या उंचीच्या मध्यावर छापतात. तिथे तपशिलाचा पहिला तुकडा तारखेच्या वर येतो आणि तो वर जोडला, तर एका सभासदाचं नाव आदल्या व्यवहाराला चिकटतं. पहिले चार-पाच व्यवहार मूळ पानाशी ताडून बघितले की पद्धत कळते. प्रत्येक पानावर परत येणारे मथळे, बँकेचा पत्ता आणि ‘मागील पानावरून’च्या ओळी काढून टाकाव्यात.

आता ताळा. खातेउताऱ्याची थोरवी ही, की तो स्वतःच स्वतःचा साक्षीदार असतो. प्रत्येक ओळीत शिल्लक दिलेली असते. नावे D मध्ये, जमा E मध्ये आणि शिल्लक F मध्ये असेल, दुसऱ्या ओळीत आरंभीची शिल्लक असेल, तर G3 मध्ये हे सूत्र लिहून खालपर्यंत ओढावं:

```
=ROUND(F2+E3-D3-F3,2)
```

सगळं बरोबर असेल तर सर्वत्र शून्य येतं. शून्य नसेल तेव्हाही आलेला आकडा बरंच सांगून जातो. समजा आरंभीची शिल्लक १,८४,२५० होती. ३ एप्रिलला मेंटेनन्सचे ३,५०० जमा होऊन ती १,८७,७५० झाली. ५ तारखेला वीजबिलाचे ११,४२० जाऊन १,७६,३३० उरले आणि त्याच दिवशी सुरक्षारक्षकांच्या पगाराचे २४,००० जाऊन १,५२,३३०. यातले ३,५०० चुकून नावे पडले असतील, तर त्या ओळीत उणे ७,००० दिसतात. रकमेच्या बरोबर दुप्पट फरक म्हणजे रकाना चुकला. आणि वीजबिलाची ओळच पान बदलताना गळली असेल, तर पगाराच्या ओळीत ११,४२० उभे राहतात. फरक हीच हरवलेली रक्कम. मूळ पीडीएफमध्ये ती शोधली की लगेच सापडते.

उतारा स्कॅन केलेला असेल, म्हणजे माउसने अक्षरं निवडताच येत नसतील, तर यातलं टॅब्युलाचं काम होत नाही. तिथे फक्त चित्र असतं आणि आधी ओसीआरने अक्षरं ओळखून घ्यावी लागतात. ओसीआर तिनाचा आठ करू शकतं, त्यामुळे तिथे ताळ्याचा रकाना दुप्पट मोलाचा. जुन्या मराठी फॉन्टमधल्या पीडीएफची अडचण आणखी वेगळी. पडद्यावर स्वच्छ देवनागरी दिसते, पण कॉपी केल्यावर रोमन अक्षरांची खिचडी हाती येते, कारण त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. अशा फाईलींनाही पान चित्र समजून ओसीआर करणं सोपं पडतं.

ताळा फक्त रकमांची हमी देतो. तारीख उलटली किंवा सभासदाचं नाव शेजारच्या ओळीत गेलं, तर G रकान्यात शून्यच येईल. म्हणून शेवटी तारखा चढत्या क्रमाने आहेत का ते पाहावं, प्रत्येक पानावरचा पहिला आणि अखेरचा व्यवहार तपशिलासह मूळ उताऱ्याशी ताडावा, आणि मूळ पीडीएफ एक्सेलच्या फाईलसोबतच ऑडिटरकडे द्यावं.