चागोस बेटं आणि बिनविरोध ठराव

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव केला म्हणून कायदा होत नाही. अर्थसंकल्पासारखे घरचे निर्णय सोडले, तर सनदेनुसार ती देशांना केवळ शिफारस करू शकते. तरीही १९६० चा १५१४ क्रमांकाचा ठराव ब्रिटनला जवळपास साठ वर्षांनी भोवला.

वसाहतींना स्वातंत्र्य द्या आणि त्यांचे तुकडे पाडू नका, असं तो ठराव सांगतो. बाजूनं ८९ मतं पडली, विरोधात एकही नाही. ब्रिटनसह नऊ देश तटस्थ राहिले. पुढे १९६५ मध्ये ब्रिटननं मॉरिशसपासून चागोस बेटं तोडली.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सल्लामत दिलं, की हे विभाजन बेकायदा होतं. स्वयंनिर्णयाचा हक्क तेव्हाच रूढ कायदा झाला होता. रूढी ठरायला देशांचं प्रत्यक्ष वर्तन लागतं आणि तसं वागणं बंधनकारक आहे ही त्यांची धारणाही. न्यायालयानं ठरावाची भाषा आणि मतदान तपासलं, शिवाय साठच्या दशकात एकामागून एक स्वतंत्र झालेल्या वसाहतीही पाहिल्या.

नुसत्या पुनरुक्तीनं मात्र काम भागत नाही. अण्वस्त्रांचा वापर बेकायदा म्हणणारे ठराव १९६१ पासून वारंवार झाले, पण विरोधी आणि तटस्थ मतं भरपूर होती. त्यामुळे १९९६ मध्ये याच न्यायालयानं त्यांतून रूढी सिद्ध झाल्याचं मानलं नाही.

चागोसच्या सल्लामतानंतर आमसभेनं ११६ विरुद्ध ६ मतांनी ब्रिटनला सहा महिन्यांत निघायला सांगितलं. ब्रिटननं ती मुदत पाळली नाही.