कोणी, कोणाला, किती तासांत
करार मराठीत आणताना : भाग सहावा

तालुक्याच्या गावातली एक नागरी सहकारी पतसंस्था डोळ्यांसमोर आणा. सभासदांची खाती, कर्जप्रकरणे, जामीनदारांची कागदपत्रे, आधार आणि पॅनच्या प्रती हे सगळे पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर आहे. कंपनीने डेटा प्रक्रिया करार पाठवला, तो इंग्रजीत. संचालक मंडळाच्या सभेत तो वाचून ठराव करायचा, म्हणून मराठी प्रत हवी. शेवटच्या पानावर ‘वाद झाल्यास इंग्रजी मजकूर प्रमाण’ असे लिहिलेले असतेच. पण शुक्रवारी रात्री सर्व्हर बंद पडल्यावर शाखा व्यवस्थापक जी प्रत उघडणार ती मराठी असते. वकिलाकडे प्रकरण जाईपर्यंत मुदत टळलेली असते.

आधी कायदा कोणता ते पाहू, कारण असले बहुतेक मसुदे युरोपातल्या नमुन्यावरून उतरवलेले असतात. युरोपची माहिती संरक्षण नियमावली, म्हणजे जीडीपीआर, 25 मे 2018 पासून लागू झाली. तिच्यात दोन भूमिका आहेत, कंट्रोलर आणि प्रोसेसर. आपल्याकडच्या 2023 च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात कंट्रोलरच्या जागी डेटा फिड्युशियरी आहे, प्रोसेसर मात्र तसाच आहे. भेद ओळखायची कसोटी दोन्हीकडे एकच: डेटा कशासाठी आणि कसा वापरायचा हे ठरवणारा कोण? इथे ती पतसंस्था. कोणाला कर्ज द्यायचे, कोणती कागदपत्रे मागायची, ती किती वर्षे ठेवायची हे ती ठरवते. कंपनी तिच्या वतीने ती सांभाळते. उद्या कंपनीने त्याच सभासदांचे फोन नंबर घेऊन स्वतःची विमा योजना विकायला सुरुवात केली, तर तेवढ्यापुरती ती प्रोसेसर उरत नाही. युरोपच्या नियमावलीच्या कलम 28 मध्ये हे स्पष्टच लिहिले आहे. करारात नाव काय दिले यावर भूमिका ठरत नाही, पण वाईट भाषांतर ती झाकून टाकू शकते.

फिड्युशियरीसाठी ‘विश्वस्त’ हा शब्द पटकन सुचतो आणि वाईटही नाही. तोच करार उद्या एखाद्या ट्रस्टच्या रुग्णालयासाठी वापरायचा झाला तर मात्र घोळ होतो, कारण तिथे विश्वस्त म्हणजे ट्रस्टवर बसलेली माणसे, आणि दंड आपल्या खिशातून जाणार अशी त्यांची समजूत होते. ‘माहितीचा मालक’ हे तर टाळलेच पाहिजे. जामीनदाराच्या पॅनकार्डाची पतसंस्था मालक नाही. मी व्याख्येच्या कलमात कायद्यातली संज्ञा देवनागरीत एकदाच देतो, ‘या करारापुरती पतसंस्था ही डेटा फिड्युशियरी आणि कंपनी ही डेटा प्रोसेसर आहे’ असे सांगतो, आणि पुढे सगळीकडे ‘पतसंस्था’ आणि ‘कंपनी’ एवढेच लिहितो. डेटा प्रिन्सिपलसाठी ‘सभासद’ लिहिण्याचा मोह होतो, तोही आवरावा. जामीनदार किंवा नामनिर्देशित व्यक्ती सभासद असतीलच असे नाही, आणि त्यांचाही डेटा तिथेच आहे.

आता मुख्य कलम. पहिल्या फेरीत भाषांतर साधारण असे होऊन येते:

‘वैयक्तिक माहितीची गळती झाल्याचे निदर्शनास आल्यास कंपनी संस्थेला एका दिवसात तशी सूचना देईल, व तिला समजल्यापासून 72 तासांत मंडळास कळवले जाईल.’

वाचायला गुळगुळीत. सभेत कोणी हरकतही घेणार नाही. आता शुक्रवारी रात्री 8 वाजून 40 मिनिटांनी काय होते ते पाहू. कंपनीच्या रात्रपाळीच्या अभियंत्याला दिसते की सर्व्हरवरच्या फायली उघडत नाहीत, सगळ्या कूटबद्ध झाल्या आहेत आणि पडद्यावर खंडणीचा मजकूर आहे. तो मराठी करार काढतो. त्यात ‘गळती’ लिहिले आहे. डेटा बाहेर गेल्याचा पुरावा नाही, म्हणजे गळती नाही, म्हणजे कळवायची घाई नाही. त्याच्या दृष्टीने हे चूकही नाही. पण कायद्याची व्याख्या गळतीपुरती नाही. अनधिकृत वापर, चुकून उघड होणे, बदल, नाश आणि डेटापर्यंत पोचताच न येणे, हे सगळे तिच्यात येते. मूळ इंग्रजीत ‘ब्रीच’ होते. मराठीत त्याचा एकच प्रकार उरला.

‘भंग’ लिहिले तर व्याप्ती सुटत नाही, पण तो शब्द करारात आधीच कामाला लागलेला असतो. ‘भंग झाल्यास करार रद्द करता येईल’ हे कलम पाच पाने पुढे असते, आणि तिथे भंग म्हणजे अटींचा भंग. कंपनीच्या वकिलाला भीती वाटते की डेटाचा भंग कळवला म्हणजे आपण करारभंग कबूल केला. म्हणून एकीकडे ‘डेटा सुरक्षेचा भंग’ आणि दुसरीकडे ‘अटींचा भंग’ असे पूर्ण लिहावे, आणि सुटा ‘भंग’ कुठेही ठेवू नये.

पुढचा खड्डा ‘सूचना’. मराठीत सूचना म्हणजे नोटीस, सूचना म्हणजे हुकूम, आणि सभेत कोणी सुचवले तर तीही सूचनाच. या करारात पहिले दोन्ही अर्थ लागतात आणि ते उलट्या दिशांनी जातात. पतसंस्था कंपनीला सांगते की डेटाचे काय करायचे, आणि कंपनी पतसंस्थेला कळवते की काय बिघडले. दोन्हीकडे ‘सूचना’ वापरली तर ‘कंपनी सूचनेनुसार कारवाई करील’ या वाक्यातली सूचना कोणाची? प्रोसेसर फिड्युशियरीच्या लेखी आदेशाबाहेर काही करत नाही, हा या कराराचा कणा आहे. तो अशा वाक्यात मोडतो. पतसंस्थेकडून येतात ते ‘निर्देश’ आणि कंपनी करते ते ‘कळवणे’, एवढी वाटणी शेवटपर्यंत पाळली की हा प्रश्न संपतो. ‘अधिसूचना’ तर अजिबात नको. ती राजपत्रात निघते.

मग येते ‘तिला’. पतसंस्था स्त्रीलिंगी, कंपनीही स्त्रीलिंगी. ‘तिला समजल्यापासून’ म्हणजे कोणाला? कंपनीला समजले शुक्रवारी रात्री 8.40 ला. पतसंस्थेला समजले शनिवारी सकाळी 10 वाजता, शाखा उघडल्यावर. पहिल्या अर्थाने 72 तास सोमवारी रात्री 8.40 ला संपतात, दुसऱ्या अर्थाने मंगळवारी सकाळी 10 ला. युरोपात डेटा संरक्षण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की प्रोसेसरने कळवल्यावर कंट्रोलरला समजले असे धरायचे. आपल्या नियमांतली मुदतही डेटा फिड्युशियरीला समजल्यापासून मोजली जाते. मराठीत सर्वनामाने ही दोन घड्याळे एकमेकांत मिसळली, तर सोमवारी संध्याकाळी दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतील. अशा करारात सर्वनाम काढून टाकावे. वाक्य बोजड होईल, ‘कंपनीने कंपनीला समजल्यापासून’ असे कानाला खुपेल. खुपू द्यावे.

मूळ मसुद्यात 24 तास होते, भाषांतरात ‘एका दिवसात’ झाले. शुक्रवारी रात्रीच्या माणसासाठी एक दिवस म्हणजे शनिवार अखेर, किंवा शनिवारी सुट्टी असेल तर सोमवार. ‘24 तासांच्या आत’ याला रविवार नसतो.

आणि ‘मंडळास’. मसुद्यात हे म्हणजे डेटा प्रोटेक्शन बोर्ड. पतसंस्थेत मंडळ म्हणजे संचालक मंडळ, दुसरे काही नाही. व्यवस्थापक प्रामाणिकपणे अध्यक्षांना फोन करील, मंगळवारच्या सभेपुढे विषय ठेवील आणि कलम पाळले असे समजेल. बोर्डाचे नाव देवनागरीत जसेच्या तसे ठेवावे, सोपे.

राहिले क्रियापद. ‘कळवले जाईल’ यात कळवणाराच नाही. कर्मणी प्रयोगाची ही सोय मराठी कार्यालयीन भाषेला फार आवडते, आणि इथे तीच घातक आहे. आपल्या कायद्यात बोर्डाला आणि बाधित व्यक्तींना कळवण्याचे कर्तव्य फक्त डेटा फिड्युशियरीचे आहे. कलम 8 सांगते की करारात काहीही लिहिले असले तरी जबाबदारी तिचीच, प्रोसेसरने केलेल्या कामाचीसुद्धा. न कळवल्यास दंड 200 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. प्रोसेसरने पतसंस्थेला कळवावे हे मात्र प्रामुख्याने कराराच्या बळावर चालते. म्हणजे ज्या वाक्यावर सगळा भार आहे त्याच वाक्यात कर्ता गायब. ‘देईल’ हेही कमकुवतच. पाऊस येईल, तशी कंपनी सूचना देईल. इंग्रजी मसुद्यातला बंधनाचा सूर मराठी भविष्यकाळात आपोआप उतरत नाही, तो ‘बंधनकारक आहे’ असे लिहूनच आणावा लागतो.

दुरुस्त केलेले कलम असे:

‘डेटा सुरक्षेचा भंग झाल्याचे कंपनीला समजल्यास कंपनीने ते पतसंस्थेला विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत कंपनीला समजल्यापासून 24 तासांच्या आत, लेखी कळवणे बंधनकारक आहे. डेटा प्रोटेक्शन बोर्डाला पतसंस्थेला समजल्यापासून 72 तासांच्या आत कळवण्याची जबाबदारी पतसंस्थेची आहे. त्यासाठी लागणारा तपशील पतसंस्थेला पुरवणे कंपनीवर बंधनकारक आहे.’

शेवटच्या वाक्यात मूळचे ‘साहाय्य’ आहे. काही भाषांतरांत ते ‘कंपनी बोर्डाला कळवण्याची जबाबदारी घेईल’ असे झालेले दिसते. संचालकांना ते ऐकून बरे वाटते, पण कायद्याने ती जबाबदारी अशी उतरत नाही.

इथे भाषांतरकाराचे काम संपते आणि समासातली टीप सुरू होते. हा 72 तासांचा आकडा युरोपी नमुन्यातून आलेला आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या आपल्या नियमांत टप्पे दोन आहेत: समजताच बोर्डाला आणि प्रत्येक बाधित व्यक्तीला विनाविलंब कळवायचे, आणि 72 तासांत बोर्डाला सविस्तर तपशील द्यायचा. युरोपात लोकांच्या हक्कांना धोका संभवत नसेल तर नियामकाला कळवण्यातून सूट मिळते. आपल्याकडे तशी चाळणी नाही. हे नियम अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होणार, पण आज होणारे करार तोपर्यंत चालू असतील. शिवाय सर्ट-इनचे एप्रिल 2022 चे निर्देश आहेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत सर्ट-इनला कळवायचे, आणि ते कंपनीला थेट लागू आहे, पतसंस्थेमार्फत नव्हे. मूळ मसुद्यात यातले काही नसेल तर मराठीत आपण घालू नये. पान आणि ओळ लिहून वकिलाला विचारावे. ‘कंपनीला समजले’ म्हणजे रात्रपाळीच्या अभियंत्याला की व्यवस्थापकीय संचालकांना, हाही त्यांनाच विचारायचा प्रश्न. त्यावरून 24 तासांची सुरुवात बारा-चौदा तासांनी सरकू शकते.

प्रत देण्याआधी एक चाचणी करता येते. फक्त मराठी कलम पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला आणि कंपनीच्या सपोर्टवरच्या माणसाला वेगवेगळे वाचायला द्यावे. शुक्रवारी रात्री 8.40 ची घटना सांगावी. कोण कोणाला फोन करणार आणि किती वाजेपर्यंत, एवढेच लिहून मागावे. दोन कागदांवर वेगळी वेळ आली तर वाक्य परत लिहायचे. ‘गळती’ असलेल्या प्रतीवर सपोर्टवाला बहुधा ‘कोणालाच नाही’ लिहील.

कंपनीने सर्व्हर स्वतःचे न ठेवता तिसऱ्याच क्लाउडवाल्याकडे भाड्याने घेतले असतील, तर 24 तासांच्या आधी आणखी एक मुदत येते आणि परवानगीचे वेगळे कलमही. उपप्रोसेसरचे ते कलम पुढच्या भागात घेऊ.