बत्तीस हजार मीटर आणि साडेबासष्ट रुपये

इचलकरंजीसारख्या गावातल्या कापड प्रोसेसिंग युनिटमध्ये पहिली तारीख उजाडते तेव्हा यंत्रं रिकामी नसतात. मागच्या महिन्यात आत गेलेलं ग्रे कापड कुठे ब्लिचिंगच्या टाकीत असतं, कुठे रंगाईच्या रांगेत, तर कुठे स्टेंटरवर चढायची वाट बघत असतं. महिनाअखेरीलाही तीच अवस्था, फक्त कापड नवं. अशा ठिकाणी ‘या महिन्यात एक मीटर केवढ्याला पडला?’ हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

आकडे काल्पनिक, पण घडू शकतील असे घेऊ. एक जूनला सहा हजार मीटर कापड अर्धवट होतं आणि त्याचं चाळीस टक्के काम झालेलं होतं. जूनमध्ये आणखी चौतीस हजार मीटर ग्रे कापड आत गेलं. तीस जूनपर्यंत बत्तीस हजार मीटर तयार होऊन फोल्डिंगला गेलं आणि आठ हजार मीटर पन्नास टक्के काम होऊन आत राहिलं. जूनचा खर्च असा: ग्रे कापड सतरा लाख, मजुरी, वीज, वाफ वगैरे रूपांतराचा खर्च चार लाख वीस हजार. कापडाचं आटणं आणि फाटणं सध्या बाजूला ठेवू.

मालकाने घाईत भागाकार केला: एकवीस लाख वीस हजार भागिले बत्तीस हजार. उत्तर आलं सव्वासहासष्ट रुपये. व्यापारी पासष्ट देतो म्हणत होता, म्हणून मालकाने नकार दिला. पण या भागाकारात दोन्ही टोकांना चूक आहे. तयार झालेल्या सहा हजार मीटरचं कापड आणि थोडं काम मे महिन्याच्या पैशातून आलं होतं. दुसरीकडे, जूनच्या पैशातले काही आत राहिलेल्या आठ हजार मीटरवर खर्च झाले, आणि त्यांची दखलच घेतली गेली नाही.

इथे समतुल्य नग उपयोगी पडतात. आठ हजार मीटरवर निम्मं काम झालं असेल, तर तेवढ्या श्रमात चार हजार मीटर पूर्ण झाले असते. म्हणून ते चार हजार समतुल्य मीटर. मात्र ही मोजणी कापडासाठी वेगळी आणि रूपांतरासाठी वेगळी करावी लागते. ग्रे कापड पहिल्या क्षणीच पूर्ण आत जातं, त्यामुळे अर्धवट मालातही ते शंभर टक्के असतं. काम मात्र हळूहळू चढत जातं.

आता मे महिन्यात झालेल्या कामाचं काय करायचं? त्याच्या उत्तरावर दोन पद्धती वेगळ्या होतात.

पहिली पद्धत, ‘आधी आलेलं आधी बाहेर’ म्हणजे फिफो, फक्त जूनमध्ये झालेलं काम मोजते. रूपांतराचा हिशेब असा: सुरुवातीच्या सहा हजार मीटरचं उरलेलं साठ टक्के काम म्हणजे ३,६००; जूनमध्येच आत जाऊन जूनमध्येच तयार झालेले २६,०००; आणि शेवटच्या अर्धवट मालाचे ४,०००. बेरीज ३३,६००. चार लाख वीस हजाराला त्याने भागलं की मीटरमागे साडेबारा रुपये येतात. कापडाचे समतुल्य मीटर ३४,०००, म्हणजे सतरा लाखांत मीटरमागे पन्नास. जूनचा मीटर पडला साडेबासष्ट रुपयांना. व्यापाऱ्याचे पासष्ट मग तोट्याचे राहत नाहीत.

दुसरी पद्धत भारित सरासरीची. ती मे आणि जून यांच्यात भिंत घालत नाही. जुना खर्च आणि नवा खर्च एकाच पातेल्यात ओतते. सुरुवातीच्या मालात मेचे कापडाचे दोन लाख चौसष्ट हजार आणि रूपांतराचे सव्वीस हजार चारशे रुपये अडकले होते, म्हणजे तेव्हाचा दर कापडाला ४४ आणि रूपांतराला ११ रुपये. या पद्धतीत तयार झालेले सगळे बत्तीस हजार मीटर पूर्ण धरायचे, वर शेवटचे चार हजार. रूपांतराचे समतुल्य मीटर ३६,०००. खर्च ४,४६,४००, म्हणून दर १२.४०. कापडाचे १९,६४,००० रुपये ४०,००० मीटरवर वाटले की दर ४९.१०. एकूण ६१.५०.

हिशेबनिसाच्या दृष्टीने हा मार्ग सोपा आहे, पण वीज किंवा कोळसा महागला की तो ते झाकतो. रूपांतराचा दर अकरावरून साडेबारावर गेला ही गोष्ट फिफो उघड सांगते, १२.४० पाहून ती पूर्ण कळत नाही. लेखामानक दोन दोन्ही पद्धतींना मान्यता देतं, त्यामुळे ताळेबंदासाठी कोणतीही चालेल. पण दर महिन्याचा खर्च ताब्यात ठेवायचा असेल, तर फिफोचा त्रास घेण्यासारखा आहे.

सर्वांत जास्त घोटाळा दोन पद्धती मिसळल्याने होतो. भाजक फिफोचा, ३३,६००, आणि भाज्यात मेचे सव्वीस हजार चारशे मिळवलेले: दर येतो १३.२९. मग सुरुवातीच्या मालाच्या किमतीत तेच सव्वीस हजार चारशे पुन्हा धरले जातात. ही चूक पकडणं सोपं आहे. तयार माल आणि शिल्लक माल यांची किंमत मिळून प्रक्रियेत घातलेल्या एकूण खर्चाएवढी, इथे २४,१०,४०० रुपये, आली पाहिजे. इथे ती बरोबर सव्वीस हजार चारशेंनी जास्त येते.

दुसरी चूक मात्र बेरीज जुळवूनही लपते. सुरुवातीच्या मालाचं उरलेलं साठ टक्के काम घेण्याऐवजी झालेलं चाळीस टक्केच घेतलं, तर ३,६००च्या जागी २,४०० येतात, दर १२.९६ होतो आणि त्याच दराने सगळं मोजल्यावर ताळा छान बसतो. ती ओळखायला वेगळी खूण आहे. भारित सरासरीच्या नगांतून फिफोचे नग वजा केले की नेमकं मे महिन्यात झालेलं काम उरलं पाहिजे. ३६,००० वजा ३३,६०० म्हणजे २,४००. सहा हजाराचे चाळीस टक्के तेवढेच होतात.

आता रंग. तो सुरुवातीला पडत नाही आणि हळूहळूही चढत नाही. एका टप्प्यावर एकदम पडतो. समजा, काम साठ टक्क्यांवर पोहोचलं की रंगाई होते आणि तिचा खर्च वर धरलेला नाही. मग मेच्या चाळीस टक्क्यांच्या मालात रंग नव्हता, जूनअखेरच्या पन्नास टक्क्यांच्या मालातही नाही. रंगाचे समतुल्य मीटर दोन्ही पद्धतींत सरळ बत्तीस हजार. त्यासाठी हिशेबात वेगळा रकाना पाडावाच लागतो, रंग रूपांतरात ढकलून चालत नाही.

सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे ती टक्केवारी. ती वहीत सापडत नाही, सुपरवायझरच्या अंदाजातून येते. शिल्लक आठ हजार मीटर पन्नासऐवजी पंचाहत्तर टक्के झाले असं त्याने सांगितलं, तर फिफोचे नग ३५,६०० होतात आणि दर साडेबाराऐवजी ११.८० दिसतो. शिल्लक मालाच्या किमतीत मात्र सुमारे २०,८०० रुपये फुगतात. तयार कापड विकलं गेलं असेल, तर तेवढाच जूनचा नफा वाढलेला दिसतो. जुलैत या कापडावर निम्मं काम करावं लागतं, पण वहीत पंचवीसच टक्के उरलेलं असतं. खर्च पूर्ण आणि नग कमी, म्हणून जुलैचा दर चढतो आणि त्याचं कारण बॉयलरमध्ये शोधलं जातं.