डाऊ किती औंस सोन्याचा?

21 जानेवारी 1980 रोजी सोन्याचा भाव औंसाला 850 डॉलरवर पोचला. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांकही तेव्हा जवळपास तेवढाच होता. म्हणजे एक औंस सोन्यात अख्खा डाऊ यावा! 1999 च्या उन्हाळ्यात सोनं 255 डॉलरच्या आसपास घसरलं, डाऊ 11,000 च्या घरात गेला आणि त्याच डाऊला 40 हून जास्त औंस लागू लागले.

निर्देशांकाला सोन्याच्या भावाने भागायचं, एवढाच हा हिशेब. भाव दोन्हीकडे डॉलरमध्ये असल्याने महागाई त्यातून वजा होते आणि शेअर सोन्याच्या मानाने महाग की स्वस्त, ते उघडं दिसतं. 1999 मध्ये त्याने दिलेला इशारा खराच ठरला. बारा वर्षांनी, ऑगस्ट 2011 मध्ये, डाऊ पुन्हा 11,000 च्याच आसपास होता. सोनं मात्र सातपट होऊन 1,800 डॉलरच्या पुढे गेलं होतं. गुणोत्तर 6 वर आलं.

खरी फसगत इथूनच सुरू झाली. 1932 मध्ये ते 2 वर उतरलं होतं, 1980 मध्ये 1 वर. तेव्हा आताही तिथवर जाणारच, असं म्हणत अनेक जण सोनं धरून बसले. गुणोत्तर 6 च्या आसपासूनच फिरलं. डिसेंबर 2015 मध्ये सोनं 1,050 डॉलरच्या आसपास आणि डाऊ 17,000 च्या वर होता.

शिवाय 1932 चा दाखला मुळातच लंगडा. तेव्हा अमेरिकेत सोन्याचा भाव सरकारने 20.67 डॉलरला बांधलेला होता. 1934 पासून 1971 पर्यंत सरकारी भाव 35 डॉलर राहिला. त्यामुळे 1932 चा आकडा फक्त शेअर किती कोसळले होते ते सांगतो, सोन्याविषयी लोकांना काय वाटत होतं ते नाही. मोकळ्या बाजाराचा इतिहास उरतो जेमतेम पन्नास वर्षांचा. एवढ्यावरून ‘सरासरी’ काढून तिच्यावर पैसे लावणं धोक्याचं आहे.

सर्वांत मोठी उणीव लाभांशाची. डाऊ फक्त शेअरचे भाव मोजतो. वर्षाला 3 टक्के लाभांश मिळाला आणि तो पुन्हा गुंतवत गेलं, तर केवळ त्याच्यावर चोवीस वर्षांत शेअरची संख्या दुप्पट होते. तिजोरीतलं सोनं तेवढंच राहतं. म्हणून हे गुणोत्तर जुन्या पातळीवर परतलंच पाहिजे, असा कोणताही नियम नाही.

सेन्सेक्सला दहा ग्रॅम सोन्याच्या भावाने भागणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण येते. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं. जागतिक भाव तसूभरही हलला नसता, तरी एवढ्याने गुणोत्तर 8 टक्क्यांच्या आसपास बदललं असतं. जुन्या आकड्यांशी तुलना करायची, तर सोन्याच्या भावातून शुल्क वजा करावं आणि सेन्सेक्सऐवजी लाभांश धरून मोजलेला त्याचा ‘टोटल रिटर्न’ निर्देशांक घ्यावा.