‘हुमणी-पहारा’ : आठ भागांची साप्ताहिक मालिका कशी आखली



गेल्या पावसाळ्यात आपल्या कार्यक्षेत्रातील काही गावांत उसाची बेटंच्या बेटं पिवळी पडली आणि हाताने ओढली तरी मुळासकट वर आली. हुमणी मुळं खाऊन मोकळी झाली होती. त्यावेळी शेती विभागाकडून दर आठवड्याला माहिती ध्वनिमुद्रित करून गटागटांतून फोनवर पाठविली जात होती, देवळाच्या भोंग्यावरही लावली जात होती. तरीही नुकसान झाले. मग ती माहिती कामी का आली नाही, याचा आम्ही बसून विचार केला. त्यातून यंदाची नवी मालिका आखली आहे. ती कशी आखली हे सभासदांना माहीत असावे, कारण प्रत्येक गटात ती लावणारा माणूस आपल्यातलाच असणार आहे.

दर आठवड्याला शेतकऱ्यांशी बोलायचे हे काही नवीन नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत मंडळे बसविली आणि दहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या अर्ध्या तासाचे कार्यक्रम लावले. गावातली माणसे एकत्र बसून ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राला कळवीत. आम्ही त्यातून एवढेच उचलले, की ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि ऐकणाऱ्याचे उलट बोलणे पुढच्या भागात आलेच पाहिजे.

आता गेल्या वर्षी काय चुकले ते सांगतो. पहिले म्हणजे विषय दर आठवड्याला बदलत होता. आज खोडवा, उद्या ठिबक, परवा हुमणी. दुसरे म्हणजे एकाच भागात पाच-पाच कामे सांगितली होती. एका गटात दुसऱ्या दिवशी आम्ही सहज विचारले, “काल काय ऐकलं?” तर उत्तर आले, “चांगलं होतं की!” काय चांगलं होतं ते मात्र कुणालाच सांगता येईना. तिसरी चूक मथळ्याची होती. ‘हुमणीचे एकात्मिक व्यवस्थापन, भाग ३’ असा मथळा फोनवर दिसला की माणूस तो उद्या ऐकू म्हणून बाजूला ठेवतो, आणि मग तो राहतोच.

यंदा मालिकेला एकच विषय घेतला. आमच्यातल्या काहींचे म्हणणे खोडवा घ्यावा असे होते, कारण तो सर्वांकडे असतो. पण तोडणी कुणाची दिवाळीनंतर तर कुणाची थेट मार्चमध्ये. “तोडणीनंतर तिसऱ्या आठवड्यात हे करा” असे एका रविवारी सांगितले तर ते दहांतल्या एकाच्याच कामाचे, बाकीच्यांना एकतर शिळे नाहीतर फार लवकर. हुमणीचे तसे नाही. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीतले भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात, आणि मग वर्षभराचे सगळे चक्र त्या पावसापासून मोजता येते. वर्षाला हिची पिढी एकच. म्हणून एका गावातल्या सगळ्यांचा आठवडा एकच राहतो. साप्ताहिक मालिकेला असाच विषय सोसतो.

त्यातही पेच आहेच. पाऊस काही रविवार बघून पडत नाही, आणि सगळ्या गावांत एकदम पडत नाही. म्हणून पहिले दोन भाग मे महिन्यात दिनदर्शिकेप्रमाणे सगळीकडे लागतील. पहिल्यात गेल्या वर्षी ऊस कुठे बसला ती ठिकाणे आणि जवळची लिंब, बाभळ, बोर ही झाडे हेरून ठेवायची. दुसऱ्यात प्रकाश सापळा, घमेली आणि माणसे यांची जुळवाजुळव. तिसरा भाग मात्र तयार करून प्रत्येक गटाच्या वाचकाकडे आधीच देऊन ठेवायचा. ज्या दिवशी त्या गावात रान ओले होईल असा पाऊस होईल, त्याच दिवशी सायंकाळी सहाला तो लावायचा, मग वार कोणताही असो. पुढचा चौथा भाग त्यानंतर किमान चार दिवसांनी येणाऱ्या रविवारी. पाऊस लांबलाच तर रविवार मोकळा सोडायचा नाही. त्यासाठी दोन मिनिटांचे तीन ‘वाट बघा’ भाग करून ठेवले आहेत. त्यांत नवे काम काही नाही, फक्त आलेल्या शंकांची उत्तरे. एक रविवार चुकला की माणसे दुसऱ्या रविवारी कान देत नाहीत, हा गेल्या वर्षीचा अनुभव.

सायंकाळी सहाची वेळही मुद्दाम ठरविली आहे. भुंगेरे दिवेलागणीनंतर झाडावर येतात. ऐकून माणूस दीड तासाने झाडाखाली जाऊ शकतो. सकाळी ऐकलेले सायंकाळपर्यंत विसरते.

मथळ्याचा साचा असा ठेवला : आधी मालिकेचे नाव, मग पावसापासूनचा आठवडा, आणि शेवटी त्या आठवड्याचे एकच काम, तेही आज्ञार्थी. उदाहरणार्थ, ‘हुमणी-पहारा : पाऊस पडला : आज लिंब झाडा’. किंवा ‘हुमणी-पहारा : पावसानंतर चौथा आठवडा : मुळाशी उकरून बघा’. ज्याने भाग ऐकलाच नाही त्यालाही नुसता मथळा वाचून काम कळले पाहिजे. नाव आणि आठवडा कधी बदलायचे नाहीत, म्हणजे मागचे भाग शोधायला सोपे जातात. भागाचा क्रमांक आम्ही मथळ्यात घातलाच नाही, कारण शेतकऱ्याला भाग कितवा यापेक्षा आपले रान कुठवर आले ते महत्त्वाचे.

प्रत्येक भाग चार मिनिटांचा. आमचे वाचक सावकाश वाचतात, मिनिटाला साधारण शंभर शब्द. म्हणजे चारशे शब्दांपलीकडे लिहायचे नाही. त्यांतले पहिले अर्धे मिनिट गेल्या आठवड्याच्या कामाची विचारपूस. मग या आठवड्यात रानात काय दिसेल ते एक मिनिट. पुढची दीड-पावणेदोन मिनिटे एकाच कामाला. उरलेल्या वेळात एका सभासदाची एक शंका आणि पुढच्या भागाचा मथळा. क्रम दर वेळी हाच. लिहिताना ‘प्रादुर्भाव’ असा शब्द आला की आम्ही तो खोडून ‘लागण’ घालतो. मोठ्याने वाचून दाखविल्याशिवाय कोणताही मजकूर पक्का करीत नाही.

तिसऱ्या भागावर सगळी मालिका उभी आहे, म्हणून त्यातला कामाचा तुकडा येथे देतो. यात दोनच आवाज आहेत, आबा आणि त्यांचा पुतण्या.

पुतण्या : आबा, पाऊस झाला. आता चहा घ्या आन् निवांत बसा.
आबा : निवांत कसला! बॅटरी घे, ती जुनी ताडपत्री घे. लिंबाखाली जायचंय.
पुतण्या : आत्ता? अंधारात?
आबा : अंधार पडला की भुंगेरा जमिनीतनं निघतो आन् लिंबावर जातो. तिथं जुळतात, पाला खातात. पहाटंच्या आत मादी परत रानात. मग काय करंल?
पुतण्या : अंडी घालंल.
आबा : आन् एक मादी पन्नास-साठ अंडी घालती. आज एक मादी घमेल्यात पडली तर तेवढ्या अळ्या जन्माला येणारच न्हाईत.
पुतण्या : मग करायचं काय?
आबा : झाडाखाली ताडपत्री हातर. साडेसात-आठला फांदी आकडीनं जोरात हालव. भुंगेरे खाली पडत्याल. गोळा कर आन् घमेल्यात टाक. घमेल्यात पाणी आन् थोडं रॉकेल.
पुतण्या : रॉकेल आता मिळतंय कुठं?
आबा : मग कपडे धुवायचा साबण पाण्यात विरघळव. वर तरंगून उडून जाऊ नयेत, एवढंच.
पुतण्या : आपल्या लिंबावरचे धरले, पण शेजारच्यांचं काय?
आबा : हाक मार त्यांना. त्यांच्या लिंबावरचा भुंगा उडून आपल्याच रानात यायचा.

हा तुकडा दोनशे शब्दांच्या आतला आहे. यात औषधाचे नाव मुद्दाम घातलेले नाही. औषधांच्या शिफारशी बदलतात, आणि मापे कानाने लक्षात राहत नाहीत. एक आकडा चुकून ऐकला गेला तर सगळा फड जळेल. औषध कोणते व किती, हे शेती विभागाच्या माणसाकडून आणि डब्यावरच्या लेबलावरूनच घ्यायचे. मालिकेत फक्त कधी आणि का एवढेच येईल.

चौथ्या भागात झाडे झाडण्याचेच काम पुन्हा आहे. भुंगेरे एकाच रात्री संपत नाहीत, पुढे काही आठवडे निघत राहतात. दोन दिवस धरून माणसे थांबतात, ही नेहमीची चूक. नंतरचे भाग झटपट सांगतो : पाचवा मुळाशी उकरून पांढरी, अर्धचंद्रासारखी वाकलेली बारीक अळी शोधण्याचा. सहावा मेटारायझियम बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल असताना मुळाशी देण्याचा. ही बुरशी अळी लहान असतानाच उपयोगी पडते आणि जमीन कोरडी असली की वाया जाते, म्हणून त्या भागाचा मथळा ‘ओल बघून बुरशी द्या’ असा आहे.

सातव्या भागावर आमची बरीच चर्चा झाली. श्रावणात ऊस पिवळा दिसला की कुणी हुमणी म्हणतो, कुणी केवडा. ओळख चुकली तर खर्चही चुकतो. ओळखण्याची रीत अशी बसविली : केवड्यात कोवळी वरची पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात, आणि बेट ओढलं तर हलत नाही. हुमणीत सगळंच बेट मलूल होऊन वाळू लागतं, आणि ओढलं की सहज वर येतं, खाली मुळं कुरतडलेली दिसतात. त्या आठवड्याचे काम म्हणून मथळाच ठेवला, ‘पिवळं बेट ओढून बघा’. या वेळेपर्यंत अळी मोठी झालेली असते आणि तेव्हा तिच्यावर कोणताही उपाय मुश्किलीने लागू पडतो, हेही त्या भागात स्पष्ट सांगितले आहे. उगाच आशा लावलेली नाही.

आठवा भाग नुकसान मोजण्याचा आणि कोणत्या ठिकाणी बेटं गेली ते वहीत लिहून ठेवण्याचा. तीच नोंद पुढच्या मे महिन्यात पहिल्या भागाला लागणार आहे. ज्यांचा फड मोडायचा आहे त्यांनी तोडणीनंतर खोल नांगरट केली तर जमिनीतले भुंगेरे वर येतात व कावळे-बगळे टिपतात, एवढेही त्यात घातले आहे.

भाग लागल्यावर दुसऱ्या दिवशी प्रत्येक गटाच्या वाचकाने तीन सभासदांना एकच प्रश्न विचारायचा : “काल काम कोणतं सांगितलं?” तिघांपैकी दोघांना सांगता आले नाही तर दोष ऐकणाऱ्याचा नाही, लिहिणाऱ्याचा. तो भाग पुन्हा लिहून त्याच आठवड्यात परत लावायचा. कोणत्या गटात कोण वाचणार याची यादी शेती विभागात लावली आहे. दोन गटांना अद्याप वाचक मिळालेला नाही. आवाज खणखणीत असेल आणि संध्याकाळी सहाला गावात हजर राहता येत असेल, अशा सभासदाने किंवा घरच्या सुना-मुलींपैकी कुणी आपले नाव मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आपल्या गट कार्यालयात द्यावे.