वीज काढून घेतल्यावर उरलेले गाणे

इंग्लंडमधील ब्रे येथील स्टुडिओत १६ जानेवारी १९९२ रोजी मोजक्या श्रोत्यांसमोर एरिक क्लॅप्टन खुर्चीवर बसून गात होता. हातात विजेवर चालणारी गिटार नव्हती. १९३९ साली तयार झालेली, मार्टिन कंपनीची लाकडी गिटार होती. एका गाण्याआधी त्याने श्रोत्यांना जणू कोडेच घातले. हे गाणे ओळखता येते का पाहा, अशा अर्थाचे काहीतरी तो म्हणाला आणि संथ, डुलत्या लयीत वादन सुरू झाले. शब्द कानावर पडताच टाळ्या उसळल्या. ते गाणे ‘लैला’ होते. रॉक संगीतातील सर्वांत प्रसिद्ध गाण्यांपैकी एक असूनही ते ओळखण्यासाठी शब्दांची वाट पाहावी लागली, कारण ज्या खुणेने जग त्याला ओळखत होते ती खूणच क्लॅप्टनने काढून टाकली होती.

हा कार्यक्रम म्हणजे ‘एमटीव्ही अनप्लग्ड’. अमेरिकेत नोव्हेंबर १९८९मध्ये तो सुरू झाला. कल्पना साधी होती. मोठ्या मैदानांत, प्रचंड ध्वनिवर्धकांच्या साथीने गाणाऱ्यांनी छोट्या सभागृहात यावे आणि लाकडी गिटार, पियानो, साधे तालवाद्य अशा मूळच्याच आवाजाच्या वाद्यांवर आपली गाणी सादर करावीत. ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन अर्थातच असत. त्यामुळे ‘अनप्लग्ड’ या नावाचा अर्थ विजेशी पूर्ण फारकत असा कधीच नव्हता. बंधन होते ते वाद्याच्या आवाजाला विजेने दिलेल्या रंगावर, लांबीवर आणि ताकदीवर. भारतातही याच नावाचा कार्यक्रम २०११मध्ये सुरू झाला.

या बंधनाचा परिणाम नेमका कुठे होतो, हे समजण्यासाठी दोन प्रकारच्या गिटारांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. लाकडी गिटारीची तार छेडली की स्वर उमटतो आणि लगेच विरू लागतो. तो फार काळ धरून ठेवता येत नाही. विजेच्या गिटारीचा आवाज ॲम्प्लिफायरमधून मुद्दाम फाटेल इतका वाढवला, की तोच स्वर लांबतो, दाट होतो आणि दोन ओळींमधली सारी जागा भरून टाकतो. चाल थोडी दुबळी असली, शब्द उणे पडले, तरी त्या भरगच्च नादात ते खपून जाते. ही भर काढून घेतली की जागा मोकळ्या पडतात. मग त्या चालीने, शब्दांनी, स्वरमेळांच्या क्रमाने आणि लयीनेच भराव्या लागतात. गाणे लिहिताना जे केले गेले तेवढेच हाताशी उरते.

‘लैला’ या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे, कारण त्याचे दोन्ही अवतार उपलब्ध आहेत. मूळ गाणे १९७० साली ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ या वाद्यवृंदाने अमेरिकेतील मायामी येथे मुद्रित केले. क्लॅप्टन तेव्हा पंचविशीत होता आणि आपला मित्र जॉर्ज हॅरिसन याची पत्नी पॅटी बॉइड हिच्या प्रेमात पडला होता. निजामीच्या ‘लैला-मजनू’ काव्यावरून त्याने नाव घेतले. गाण्याची सुरुवातच गिटारच्या एका झंझावाती स्वरावलीने होते. अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्वरावलीला ‘रिफ’ म्हणतात. त्यावर क्लॅप्टन आणि डुएन ऑलमन यांच्या गिटारींचे एकावर एक थर रचलेले आहेत आणि क्लॅप्टनचा आवाज वरच्या पट्टीत, जवळजवळ किंचाळत येतो. उत्तरार्धात पियानोवर एक स्वतंत्र दीर्घ भाग आहे. असे सारे मिळून गाणे सात मिनिटांचे होते.

१९९२मध्ये यातले काय राहिले? रिफ गेली, उत्तरार्धातला पियानोचा भाग गेला, गिटारींचे थर गेले. गाण्याची गती उतरली आणि लयीचा स्वभावही बदलला. मूळ गाण्यात प्रत्येक मात्रेचे दोन समान भाग पडतात. नव्या रूपात पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड झाला. पाश्चात्त्य संगीतात याला ‘शफल’ म्हणतात. त्यामुळे गाणे धावण्याऐवजी डुलत चालू लागले. लाकडी गिटारीचा स्वर लवकर विरतो, ही उणीव या डुलण्याने झाकली, कारण लांब-आखूड ठेक्याच्या आंदोलनामुळे मधली शांतता रिकामी वाटत नाही. आवाज खालच्या पट्टीत आला आणि शब्द प्रथमच सावकाश, एकेक करून ऐकू येऊ लागले.

याच शांततेत गाण्याच्या बांधणीतील एक जागा उघडी पडली. ‘लैला’चा अंतरा आणि त्याचे ध्रुवपद एकाच षड्जावर नाहीत. अंतऱ्याचा षड्ज सी शार्प आहे, तर ध्रुवपदाचा त्याच्यापेक्षा अर्ध्या स्वराने वर, डी. म्हणजे नायिकेचे नाव घेण्याची वेळ येते तेव्हा पायाखालची जमीनच किंचित वर सरकते. इतका जवळचा आणि तरी इतका परका षड्ज गाठणे सोपे नसते. अंतऱ्याच्या अखेरीस स्वरमेळांची एक साखळी येते आणि ती ‘ए’ या स्वरमेळावर थांबते. हा मेळ नव्या षड्जाच्या पंचमावर उभा असल्याने कानाला तो आपसूक ‘डी’कडे ओढतो. मूळ मुद्रणात याच क्षणी रिफ कोसळते आणि श्रोता तिच्या धडाक्यात वाहून जातो. अनप्लग्डमध्ये धडाका नाही. तरीही ध्रुवपद येताच अंगावर काटा येतो. तेव्हा कळते, की तो काटा केवळ गिटारीच्या आवाजाचा नव्हता. तो रचनेत आधीपासूनच होता.

शब्दांचेही तसेच झाले. पंचविशीत ती आर्त विनवणी होती. १९९२पर्यंत क्लॅप्टनने पॅटीशी विवाह केला होता आणि तो मोडलाही होता. शेहेचाळिसाव्या वर्षी, खुर्चीत बसून, हलक्या आवाजात तेच शब्द म्हटले गेले तेव्हा विनवणीची जागा आठवणीने घेतली. दोन परस्परविरोधी भाव पेलण्याइतके ते शब्द मोकळे होते. ज्या शब्दांना एकच भाव सोसतो, त्यांना असे दुसरे आयुष्य लाभत नाही.

फेब्रुवारी १९९३मध्ये ‘लैला’ला सर्वोत्कृष्ट रॉक गीताचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक गायकाला नव्हे, गीत रचणाऱ्यांना दिले जाते. बावीस वर्षांपूर्वीच्या रचनेचा गौरव तिच्या रिफसाठी नव्हे, तर रिफ वगळल्यावर व्हावा, हा योग बोलका होता. त्यात एक विसंगतीही होती. सहरचनाकार म्हणून जिम गॉर्डनचे नाव होते ते उत्तरार्धातील पियानोच्या भागासाठी आणि नव्या रूपात तो भागच नव्हता.

त्या वर्षी मागे पडलेल्या नामांकनांत ‘निर्वाणा’चे ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ होते. पुढे १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमधील सोनी म्युझिक स्टुडिओत ‘निर्वाणा’ स्वतः अनप्लग्डसाठी बसले. चौदा गाणी त्यांनी सलग, दुसऱ्यांदा न घेता वाजवली. त्यांत त्यांचे हे सर्वांत गाजलेले गाणे नव्हते. कारण काही असो, ते गाणे तपासले तर निवड योग्यच ठरते. त्याच्या अंतऱ्यात आणि ध्रुवपदात तेच चार स्वरमेळ त्याच क्रमाने फिरत राहतात. दोहोंत फरक पडतो तो मुख्यतः आवाजाच्या पातळीचा. अंतरा दबक्या सुरात, ध्रुवपद स्फोटासारखे. तो स्फोट काढला, तर अंतरा आणि ध्रुवपद यांमधली भिंतच पडते. याचा अर्थ ते गाणे वाईट लिहिलेले आहे असा नाही. त्याचे लेखनच शांतता आणि स्फोट यांच्या अंतरात आहे. अनप्लग्डची कसोटी चाल, शब्द आणि स्वरमेळ यांचे मोल दाखवते. नादातून घडवलेल्या रचनेचे मोल तिला मोजता येत नाही.

कर्ट कोबेनने त्याऐवजी पहिल्या संग्रहातले ‘अबाउट अ गर्ल’ आरंभी घेतले. अंतऱ्यात जेमतेम दोन स्वरमेळ, पण चाल एकदा ऐकली की गुणगुणता येईल अशी. सहा गाणी इतरांची होती. ‘पेनीरॉयल टी’ तर त्याने एकट्याने, केवळ गिटारच्या साथीवर म्हटले. कर्कश आवाजासाठी ओळखला जाणारा हा तरुण मूळचा चालींचा माणूस होता, हे अनेकांना त्या रात्री प्रथम उमगले.

अर्थात ही साधेपणाची मांडणीही घडवलेलीच होती. ढोलकिया डेव्ह ग्रोल याचा जोरकस हात छोट्या सभागृहाला झेपेना, म्हणून निर्मात्याने त्याला ब्रश आणि हलक्या काड्या दिल्या. लॉरी गोल्डस्टनचा चेलो साथीला आला. कोबेनची गिटार तर चक्क ॲम्प्लिफायरला जोडलेली होती. तो दिसू नये म्हणून त्यापुढे खोटी पेटी उभी केली होती. क्लॅप्टनला नवी लय शोधावी लागली, तशीच ही सोय. गाणे नुसते हळू वाजवले की त्याचा आत्मा प्रकट होतो, हा समज म्हणूनच खोटा आहे. नीट न बदलता हळू वाजवलेले गाणे मुळाची फिकी नक्कल ठरते. ते ओळखण्याची खूणही सोपी आहे. ऐकताना मूळ गाण्यातील वगळलेल्या जागा मनातल्या मनात भराव्या लागत असतील, तर प्रयोग फसला. त्या आठवतच नसतील, तर साधला.

कोबेनने शेवट केला तो लेड बेलीमुळे परिचित झालेल्या एका जुन्या लोकगीताने. तीन मात्रांचा ठेका, एकच चाल, कडव्यामागून कडवे तीच. शेवटच्या कडव्यात मात्र त्याने तीच चाल एक सप्तक वर उचलली आणि फाटत्या आवाजात गायली. दबका आरंभ आणि अखेरचा स्फोट, हा ‘निर्वाणा’चा जुनाच डाव होता, तो या वेळी यंत्राऐवजी गळ्याने खेळला गेला. निर्मात्यांनी आणखी एका गाण्याची विनंती केली, ती त्याने नाकारली. ५ एप्रिल १९९४ रोजी त्याने जगाचा निरोप घेतला आणि त्या रात्रीची ध्वनिफीत नोव्हेंबरमध्ये बाजारात आली. त्याच्यामागे उरलेल्या गाण्यांत चालींचा हा माणूस शोधायचा, तर आजही त्याच रात्रीकडे वळावे लागते.